पोस्टरवरचा क्यूआर कोड : एका घराचं माप

दिवाळी सरली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतल्या गावांमध्ये मंडई भरते, शंकरपट होतात आणि त्या निमित्ताने रात्रभर चालणारी नाटकं लागतात. देसाईगंज, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं वडसा, हे या नाटक कंपन्यांचं मुख्य ठाणं. झाडीपट्टीतले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राचंही या रंगभूमीकडे लक्ष गेलं. इथल्या लोकांना मात्र नाटकाची बातमी कळते ती बसस्टँडवरच्या, पानठेल्यावरच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या पोस्टरवरून.

हे पोस्टर म्हणजे जागेसाठी चाललेली ओढाताण असते. नाटकाचं नाव ठसठशीत हवं, नायक-नायिकेचे फोटो हवेत, लावणी असेल तर नर्तिकेचा फोटो हवा. तारीख, स्थळ, खुर्ची आणि जमिनीवर बसण्याचे दर, मंडळाच्या पदाधिकाऱ्यांची नावं, मोबाइल नंबर हेही सुटून चालत नाही. आता त्यात क्यूआर कोडची भर पडली आहे. त्याचा उपयोग खराच आहे. एकाच नावाची दोन गावं शेजारच्या तालुक्यांत असतात. रात्री नऊ वाजता मोटरसायकलवर तिघं निघाले आणि जंगलातल्या फाट्यावर चुकले, तर पहिला अंक हातचा जातो. कोड स्कॅन केला आणि नकाशावर मंडपाची खूण दिसली, की प्रश्न मिटतो.

पण तो स्कॅन व्हायला हवा. पोस्टरवर उरलेल्या कोपऱ्यात चिकटवलेला कोड पुष्कळदा होत नाही, आणि का होत नाही हे भिंतीसमोर उभ्या असलेल्या माणसाला कळायला मार्ग नसतो. तो दोनदा मोबाइल पुढे-मागे करतो आणि निघून जातो. यामागची कारणं मोजकी आहेत आणि बहुतेक सगळी छापण्याआधी पट्टीने मोजता येतात. त्यासाठी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एखाद्या गावच्या मंडळाचं पोस्टर समोर ठेवू. ते कल्पित आहे, त्यातली मापं खरी आहेत. पोस्टर २० बाय ३० इंचांचं, कागदावर ऑफसेटने छापलेलं. कोडचं काम एकच : मंडपाची जागा नकाशावर दाखवणं.

चौकोनात काय भरायचं

क्यूआर कोड म्हणजे काळ्या-पांढऱ्या घरांचा पट. जपानमधल्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९४ मध्ये तयार केला. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवणं हा त्याचा मूळ हेतू होता. सर्वांत लहान पट २१ घरं रुंद आणि २१ घरं उंच असतो. त्याला व्हर्जन १ म्हणतात. पुढच्या प्रत्येक व्हर्जनला रुंदीत आणि उंचीत चार-चार घरं वाढतात आणि व्हर्जन ४० पर्यंत पट १७७ घरांचा होतो. कोणतं व्हर्जन लागेल हे आपण आत किती मजकूर भरतो यावर ठरतं. मजकूर वाढला की घरं वाढतात, आणि पोस्टरवरची जागा तेवढीच राहिली तर प्रत्येक घर बारीक होत जातं. मोबाइलला वाचायची असतात ती घरं, त्यामुळे कोडचं भवितव्य त्याच्या आकाराआधी त्यातल्या मजकुराने ठरतं.

इथे मराठी माणसाला एक जादा भुर्दंड पडतो. इंग्रजी अक्षर संगणकात एका बाइटमध्ये मावतं, देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त या सगळ्या स्वतंत्र खुणा मोजल्या जातात. ‘चंद्रपूर’ हा शब्द दिसायला चार अक्षरांचा, पण त्यात आठ खुणा आहेत, म्हणजे २४ बाइट. हाच शब्द वेबच्या पत्त्यात गेला की प्रत्येक बाइटचं टक्क्याच्या चिन्हासकट तीन अक्षरांत रूपांतर होतं आणि एका ‘चंद्रपूर’ची ७२ अक्षरं होतात. संगणकावर नकाशा उघडून वरच्या पट्टीतला पत्ता जसाच्या तसा उचलला आणि त्यात गाव-तालुक्याचं नाव देवनागरीत असलं, तर तो पत्ता सहज अडीचशे अक्षरांवर जातो. त्याला व्हर्जन ११ लागतं, म्हणजे ६१ बाय ६१ घरं. ‘सगळी माहिती कोडमध्येच टाकू’ म्हणून शंभरेक खुणांचं मराठी निमंत्रण भरलं, तर त्याला व्हर्जन १२ च्या आसपासचा, म्हणजे ६५ घरांचा पट लागतो.

त्याऐवजी मंडपाचे अक्षांश-रेखांश तेवढे घ्यायचे. नकाशावर जागेवर बोट दाबून धरलं की ते दिसतात. दशांशानंतर चार आकडे पुरेत. चौथ्या आकड्यातला एकचा फरक जमिनीवर साधारण अकरा मीटरचा असतो आणि नाटकाचा मंडप त्याहून मोठा असतो. नमुन्याचा पत्ता असा :

```
https://maps.google.com/?q=20.6100,79.8600
```

यात बरोबर ४२ अक्षरं आहेत. व्हर्जन ३ मध्ये, मध्यम दुरुस्तीच्या पातळीवर, जास्तीत जास्त ४२ बाइटच मावतात. पट २९ घरांचा होतो. अचूकपणाच्या हौसेने अक्षांश-रेखांशाला एकेक आकडा वाढवला तर ४४ अक्षरं होतात आणि कोड व्हर्जन ४ वर, ३३ घरांवर जातो.

मंडळाला नकाशाऐवजी थेट फोन यायला हवा असेल, तर `tel:` लिहून त्यापुढे दहा आकडी नंबर भरता येतो. ती १४ अक्षरं होतात आणि २१ घरांच्या सर्वांत लहान पटात मावतात. हा कोड इंटरनेटशिवाय चालतो. स्कॅन केला की डायल करायचा नंबर समोर येतो, फक्त बोलण्यापुरती रेंज लागते. धानोरा, एटापल्ली किंवा भामरागडच्या बाजूला लावायच्या पोस्टरसाठी याचा विचार जरूर करावा. तिथे नकाशाचं पान उघडायला लागणारा डेटा हवा तेव्हा मिळेल याची खात्री धरता येत नाही.

कोड बनवून देणाऱ्या अनेक वेबसाइट एक गोष्ट गुपचूप करतात. आपला पत्ता कोडमध्ये न भरता त्या स्वतःचा छोटा पत्ता भरतात आणि माणसाला तिथून आपल्याकडे वळवतात. याला डायनॅमिक कोड म्हणतात. छापल्यानंतरही आतलं ठिकाण बदलता येतं हा त्याचा फायदा, पण फुकट मुदत संपली की भिंतीवरचे सगळे कोड एकाच दिवशी मुके होतात. आपल्या कामाला स्टॅटिक कोड हवा. ओळखायची खूण सोपी आहे : स्कॅन करताना मोबाइल जो पत्ता दाखवतो, तो आपण भरला तोच आहे का, ते पाहायचं.

किती मोठा

‘कोड एक इंचाचा ठेव’ असं म्हणण्यात अर्थ नाही, कारण त्या इंचात २१ घरं आहेत की ६१, हे त्यात येत नाही. विचारायचं ते एका घराची रुंदी किती आणि माणूस किती लांब उभा राहणार, एवढंच.

साधारण मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याला एक मीटरवरून सव्वा ते दीड मीटर रुंदीची भिंत दिसते. स्कॅन करताना फोन जे चित्र तपासतो ते चांगल्या फोनवर सुमारे १९२० ठिपके रुंद असतं, स्वस्त फोनवर १२८० असू शकतं. म्हणजे एक मीटरवरून भिंतीच्या एका मिलिमीटरवर एक-दीड ठिपकाच पडतो. घर काळं की पांढरं हे खात्रीने ठरवायला त्यावर तीन-चार ठिपके पडायला हवेत. यातून एक सोपा हिशेब निघतो : अंतर जितके मीटर, त्याच्या तिप्पट मिलिमीटर एका घराची रुंदी. एक मीटरला तीन मिलिमीटर, दोन मीटरला सहा. ‘कोड अंतराच्या एक दशांश हवा’ असा जो ढोबळ नियम सांगतात, तो लहान व्हर्जनच्या कोडला लागू पडतो आणि त्याचं उत्तरही जवळपास हेच येतं. घरं वाढली की मात्र तो फसवतो.

आता आपलं पोस्टर. पानठेल्याच्या बाजूच्या भिंतीवर ते लागणार, भिंतीला लागून नाली, म्हणजे माणूस एक मीटरवर उभा राहणार. घर तीन मिलिमीटरचं. २९ घरांचा पट आणि दोन्ही बाजूंना चार-चार घरांची कोरी पट्टी, एकूण ३७ घरं. ३७ गुणिले ३, म्हणजे १११ मिलिमीटर. ११.१ सेंटिमीटरचा चौकोन सांगितला की काम झालं. पोस्टरच्या रुंदीचा तो पाचवा हिस्सा झाला. अडीचशे अक्षरांचा पत्ता भरला असता तर ६१ आणि ८ मिळून ६९ घरं, म्हणजे २०७ मिलिमीटर लागले असते, पोस्टरच्या रुंदीचे दोन पंचमांश. एवढी जागा कोणताही नायक सोडणार नाही.

मग होतं असं, की लांब पत्त्याचा कोड चार सेंटिमीटरच्या चौकोनात कोंबला जातो. त्यात एक घर ०.५८ मिलिमीटरचं होतं, आणि वरच्या हिशेबाने ते वीस सेंटिमीटरवरून, भिंतीला नाक लावल्यासारखं उभं राहूनच वाचता येतं. त्याच चार सेंटिमीटरमध्ये ४२ अक्षरांचा पत्ता ठेवला तर घर १.०८ मिलिमीटरचं होतं आणि अंतर ३६ सेंटिमीटरवर जातं. जागा एक पैचीही न वाढवता पल्ला जवळपास दुप्पट झाला.

चौकात उंच टांगलेल्या फ्लेक्सचं गणित वेगळं आहे. सहा मीटरवरून वाचायचं तर घर १८ मिलिमीटरचं आणि कोड कोऱ्या पट्टीसकट जवळपास ६७ सेंटिमीटरचा, सव्वादोन फुटांहून किंचित कमी. शिवाय खालून वर पाहताना चौकोन तिरपा दिसतो, वारा फ्लेक्स हलवतो. तिथे मोठ्या अक्षरांत मोबाइल नंबर लिहावा आणि कोड छातीच्या उंचीवर लागणाऱ्या पोस्टरसाठी राखून ठेवावा.

कडेची कोरी पट्टी

कोडच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात, चौकोनाच्या आत चौकोन. फोन आधी हे तीन शोधतो, आणि ते शोधण्याची त्याची रीत ठरलेली आहे. चित्रावर ओळीने नजर फिरवताना काळं-पांढरं-काळं-पांढरं-काळं असे पट्टे १:१:३:१:१ या प्रमाणात सापडले, की तिथे कोपरा आहे असं तो समजतो. हारा यांच्या चमूने मासिकं, पत्रकं, खोकी असं तऱ्हेतऱ्हेचं छापील साहित्य तपासून, इतरत्र सर्वांत क्वचित आढळणारं म्हणून हे प्रमाण निवडलं. भरगच्च छापील पानातूनही कोड चटकन हुडकता यावा, हाच त्यामागचा विचार.

या प्रमाणातला पहिला काळा पट्टा एका घराएवढाच असायला हवा. तो कुठे सुरू झाला हे फोनला कळतं ते त्याच्या बाहेर पांढरं आहे म्हणून. बाहेर लागूनच सोनेरी चौकटीची गडद रेघ आली, की रेघ आणि पट्टा एकत्र होतात. १:१:३:१:१ चं २:१:३:१:१ होतं आणि फोनच्या लेखी तिथे कोपराच उरत नाही. म्हणून क्यूआर कोडच्या आंतरराष्ट्रीय मानकाने चारही बाजूंना चार घरांची पट्टी कोरी ठेवायला सांगितली आहे. आपल्या पोस्टरवर ती १२ मिलिमीटरची येते.

नेमकी हीच पट्टी डीटीपीच्या टेबलावर बळी पडते. मंडळाचा कार्यकर्ता खुर्चीमागे उभा असतो. ‘भाऊ, हे बाजूचं पांढरं कापून टाक ना, जागा वाया जाऊन राहिली.’ कोरल ड्रॉमध्ये दोन क्लिकमध्ये ती कापलीही जाते. मग कोड थेट नायकाच्या काळ्या कोटावर जाऊन बसतो, किंवा त्याला लालभडक चौकट मिळते, किंवा ‘स्कॅन करा’ ही अक्षरं त्याला चिकटून येतात. उपाय असा, की कोडच्या मागे १११ मिलिमीटरचा पांढरा चौकोन ठेवायचा, कोड आणि चौकोन यांचा ग्रुप करायचा आणि जागा कमी पडली तर दोन्ही मिळूनच लहान-मोठे करायचे. चौकट हवीच असेल तर ती या पांढऱ्या चौकोनाच्या बाहेर. ‘मंडपाचा नकाशा’ ही ओळही बाहेर.

रंग

झाडीपट्टीच्या पोस्टरला रंगांचं वावडं नाही. पिवळ्यावर लाल, निळ्यावर पिवळं, हिरव्यावर गुलाबी असा सगळा थाट. फोन मात्र कोड वाचताना रंग पाहत नाही. तो चित्र आधी करड्या छटांमध्ये उतरवतो आणि मग प्रत्येक घर उजळ की गडद एवढंच ठरवतो. हा उजळपणा काढण्याचं एक रूढ सूत्र आहे. त्यात हिरव्याला सर्वांत जास्त, लालला त्याच्या निम्म्याएवढं आणि निळ्याला सर्वांत कमी वजन असतं. पूर्ण पांढरा २५५ आणि काळा शून्य धरला, तर त्या सूत्राने भडक पिवळा २२६ वर येतो, हिरवा १५० वर, लाल ७६ वर आणि निळा २९ वर.

आता डोळ्याला उठून दिसणाऱ्या जोड्या तपासून पाहा. पांढऱ्यावर पिवळा कोड म्हणजे २५५ आणि २२६. फोनच्या लेखी कोरा कागद. हिरव्यावर लाल डोळ्यांत भरतं, पण फरक ७४ चाच. काळ्यावर लालचीही तीच गत. पिवळ्यावर काळा, पांढऱ्यावर गडद निळा या जोड्या चालतात. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी घरं, म्हणजे उलटा कोड, काही फोन वाचतात आणि काही नाही. भिंतीसमोर कोणाचा फोन येईल ते ठाऊक नसताना त्या वाटेला जाऊ नये. मनातली जोडी चालेल का हे पाहायचं असेल तर पोस्टरचा फोटो काढून मोबाइलमध्येच तो ब्लॅक अँड व्हाइट करावा. त्यात कोड ठळक राहिला तर ठीक.

सर्वांत बिनघोर जोडी पांढऱ्यावर काळा हीच, आणि तोही चार शाईंचा मिळून केलेला काळा नको. ऑफसेटवर निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार प्लेट एकावर एक छापल्या जातात. त्यातली एखादी केसभर हलली तर काळ्या घराच्या कडेला रंगीत सावली पडते आणि शेजारचं पांढरं घर अरुंद होतं. कोडसाठी फक्त काळी प्लेट, शंभर टक्के, असं ऑपरेटरला सांगितलं की प्लेट हलण्याचा प्रश्नच राहत नाही. काळ्या शाईचा दुसरा फायदा उन्हात कळतो. गुलाबी आणि पिवळी शाई उन्हाने लवकर विटते, काजळीपासून बनलेली काळी टिकते. चंद्रपूरचा एप्रिल-मे ज्यांनी सोसला आहे त्यांना भिंतीवर राहून गेलेल्या पोस्टरचा निळसर पडलेला रंग आठवेल. त्यात फक्त काळा मजकूर शाबूत दिसतो.

व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेला कोड पोस्टरवर लावू नये. फोटो पाठवताना तो दाबला जातो, घरांच्या कडा धूसर होतात आणि मोठा केला की ती धूसरताही मोठी होते. कोड वेक्टर स्वरूपात, म्हणजे एसव्हीजी किंवा पीडीएफ फाइलमध्ये, घ्यावा आणि पाठवायचाच झाला तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. लिनक्स वापरणाऱ्याला एका ओळीत तो बनवता येतो :

```
qrencode -t SVG -l M -m 4 -o mandap.svg "https://maps.google.com/?q=20.6100,79.8600"
```

यातला `-m 4` म्हणजे चार घरांची कोरी पट्टी आणि `-l M` म्हणजे दुरुस्तीची मध्यम पातळी.

या दुरुस्तीबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत. कोडमध्ये मूळ मजकुराबरोबर जादा बाइट भरलेले असतात, त्यामुळे काही भाग फाटला किंवा झाकला गेला तरी फोन तो हिशेबाने भरून काढतो. `L`, `M`, `Q`, `H` या चार पातळ्यांवर अनुक्रमे सुमारे ७, १५, २५ आणि ३० टक्के नुकसान भरून निघतं. मग सरळ `H` का घेऊ नये? कारण जादा बाइटांना जागा लागते. आपली ४२ अक्षरं `H` वर व्हर्जन ५ मध्ये जातात. पट ३७ घरांचा, कोऱ्या पट्टीसकट ४५. त्याच १११ मिलिमीटरमध्ये घर तीनवरून अडीच मिलिमीटरवर येतं. कोडच्या मधोमध मंडळाचं चिन्ह बसवायचा हट्ट असेल तर `H` घ्यावा लागतो आणि ती किंमत मोजावी लागते. नाहीतर `M` पुरतो. आणि दुरुस्ती कितीही जबर असली तरी ती फाटलेल्या घरांची असते. फिका रंग, कापलेली कडा किंवा उडालेला कोपरा यांना ती वाचवू शकत नाही, कारण तिथे फोन मजकुरापर्यंत पोहोचतच नाही.

छापण्याआधीची चाचणी

डीटीपीवाल्याच्या स्क्रीनवर स्कॅन झाला म्हणजे झालं, असं धरून चालणाऱ्यांची फसगत होते. स्क्रीन स्वतः उजळलेली असते, सपाट असते आणि कोड तिथे हवा तेवढा मोठा केलेला असतो. चाचणी कागदावरच हवी. अंतिम पीडीएफमधून कोडचा भाग खऱ्या मापात साध्या प्रिंटरवर काढायचा. प्रिंट करताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवायचं, नाहीतर माप बदलतं. मग पट्टी लावून १११ मिलिमीटर भरतात का ते पाहायचं. प्रिंट भिंतीवर छातीच्या उंचीवर चिकटवायची आणि एक मीटरवर उभं राहायचं.

फोन दोन तरी घ्यावेत, त्यातला एक जुना आणि स्वस्त, लेन्सवर ओरखडे असलेला मिळाला तर उत्तमच. समोरून, मग डाव्या-उजव्या बाजूने तिरपं उभं राहून, मग संध्याकाळच्या अपुऱ्या उजेडात. एक-दोन सेकंदांत पत्ता दिसला पाहिजे; फोन हलवत बसावं लागलं तर काहीतरी काठावर आहे. मग हळूहळू मागे सरकत जायचं आणि कोड कुठे वाचेनासा होतो ते पाहायचं. दोन मीटरपर्यंत चालला तर खळीने पडणाऱ्या सुरकुत्या, कोळशाची धूळ आणि दव यांसाठी हाताशी पुरेशी शिल्लक आहे. सव्वा मीटरवरच थांबला तर भिंतीवर चार दिवस गेल्यावर तो एक मीटरवरूनही चालणार नाही.

बिघाड कुठे आहे हेही याच चाचणीत कळतं. जवळून चालतो आणि लांबून नाही, तर घरं बारीक आहेत. पत्ता छोटा करा किंवा कोड मोठा. कितीही जवळ-लांब केलं तरी दाद देत नाही, तर दोष कडेत किंवा रंगात. कोऱ्या पांढऱ्या कागदाच्या चार पट्ट्या कोडच्या चारही बाजूंना, काळ्या घरांना लागून धरायच्या. लगेच वाचला तर कडेची पट्टी खाल्ली गेली होती. तरीही नाही वाचला तर रंगांचा फरक तपासायचा. समोरून अडतो आणि बाजूने चालतो, तर कागदाची किंवा लॅमिनेशनची चमक आड येते आहे. कोड वाचला, पत्ता दिसला, पण पान उघडलं नाही, तर छपाईचा दोष नाही. रेंज पाहा किंवा पत्त्यातला आकडा तपासा.

शेवटची तपासणी मजकुराची. पान उघडलं यावर समाधान न मानता नकाशावरची खूण खरोखर मंडपाच्या पटांगणावर आहे ना, ते गावातल्या माणसाकडून पाहून घ्यावं. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली तर खूण आपल्या भागात पडतच नाही, आणि हे कोणत्याही कॅमेऱ्याला कळणार नाही. मशीनवरून पहिले काही कागद निघाले की त्यातला एक घेऊन हीच चाचणी पुन्हा करायची. शाई जास्त पसरली असेल तर ती तिथेच दिसते आणि मशीन थांबवता येतं.

एवढं सगळं करूनही कोणाचा तरी फोन कोड वाचणार नाही, आणि पुष्कळांच्या हातात कॅमेऱ्याचा फोनच नसेल. याचं उत्तर आपल्या शाळांच्या पुस्तकांनी आधीच दिलं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे ती कल्पना बालभारतीच्या पुस्तकांत आली आणि डिसले यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. ‘दीक्षा’ची सोय असलेल्या पुस्तकांत कोडखाली सहा अक्षरांचा एक संकेतांकही छापलेला असतो, स्कॅन झालं नाही तर तो टाइप करून तेच पान मिळतं. पोस्टरवरही कोडखाली दोन ओळी हव्यात : गाव, तालुका, फाट्यापासूनची वाट, आणि मोबाइल नंबर, मोठ्या अक्षरांत.

प्रेसला द्यायची चिठ्ठी मग एवढीच होते. कोड एसव्हीजी फाइलमध्ये, २९ घरांचा, पातळी `M`. पांढऱ्या चौकोनासकट माप १११ मिलिमीटर, चौकोनाच्या आत दुसरं काहीही नाही. फक्त काळी प्लेट. जागा पोस्टरच्या खालच्या अर्ध्या भागात, घडीच्या रेषेपासून दूर. खाली पत्ता आणि नंबर. प्रूफ खऱ्या मापात दाखवल्याशिवाय प्लेट काढू नये.